समीकरणातली लाट कुठे निघाली आहे?

अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र ज्यांनी शिकलं, त्यांच्या नजरेखालून पुढच्यासारखी एक ओळ नक्की गेलेली असते:

y = 1.2 sin(0.04x − 0.626t)

खाली प्रश्न असतो, या तरंगाचा आयाम, तरंगलांबी, वेग आणि दिशा सांगा. बहुतेक जण शेजारी पाठ केलेलं सूत्र लिहितात, आकडे जुळवतात आणि चार गुण मिळवतात. पण ही ओळ म्हणजे एका चालत्या लाटेचं संपूर्ण वर्णन आहे, आणि सूत्र आठवत नसलं तरी ते वाचता येतं. एकच करायचं असतं. लाटेचा एक माथा पकडायचा आणि त्याचा पाठलाग करायचा.

वरचे आकडे मी मुद्दाम समुद्राच्या लाटेला शोभतील असे निवडले आहेत. कल्पना करा की आपण रत्नागिरीच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात खूप आत आहोत. तिथे खोली दोन हजार मीटरच्या वर आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत आणि पश्चिमेकडून लाटांच्या लांबच लांब रांगा किनाऱ्याकडे येत आहेत. समुद्रातली एक जागा आपण शून्य मानली. तिथून पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला मोजलेलं अंतर ते x. हे अंतर मीटरमध्ये आहे. घड्याळ सुरू केल्यापासून गेलेले सेकंद म्हणजे t. आणि शांत पाण्याच्या पातळीपासून पाणी किती मीटर वर किंवा खाली आहे, ते y. म्हणजे समीकरणाला आपण दोन प्रश्न विचारतो, कुठे आणि केव्हा, आणि ते एकच उत्तर देतं: तिथे, त्या क्षणी पाणी किती उंच आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. साइनची किंमत कधीही +1 च्या वर जात नाही आणि −1 च्या खाली उतरत नाही. त्यामुळे y ची किंमत जास्तीत जास्त १.२ मीटर आणि कमीत कमी उणे १.२ मीटर. साइनच्या पुढे उभा असलेला आकडा हाच आयाम. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. समुद्राच्या अंदाजात ‘लाटांची उंची’ सांगतात ती खळग्याच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजलेली असते. आपल्या या लाटेची उंची त्या भाषेत २.४ मीटर, म्हणजे आयामाच्या दुप्पट होईल. आणि साइनच्या पुढे उणे चिन्ह दिसलं तर आयाम उणे झाला असं समजू नये. आयाम म्हणजे शांत पातळीपासूनचं सगळ्यात मोठं अंतर, आणि अंतर उणे नसतं. ते उणे चिन्ह एवढंच सांगतं की जिथे माथा असला असता तिथे आत्ता खळगा आहे.

आता कंसात शिरू. कंसात x आणि t एकत्र बसलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ तिथेच होतो. यावर उपाय म्हणजे दोघांपैकी एकाला थांबवणं.

आधी काळ थांबवू. t = 0 या क्षणी समुद्राचा बाजूने फोटो काढला असं समजा. कंसात फक्त 0.04x उरतं. x वाढत जाईल तसा हा कोन वाढत जातो आणि साइनचा आकार चढत-उतरत पुढे सरकतो. कोन 2π ने, म्हणजे साधारण ६.२८३ ने वाढला की साइन पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो. 0.04x ची किंमत 6.283 होण्यासाठी x हवा १५७ मीटर. फोटोत एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर १५७ मीटर आहे. हीच तरंगलांबी. पुस्तकात x शेजारच्या आकड्याला k म्हणतात आणि λ = 2π/k असं लिहितात. हा k म्हणजे दर मीटरला कोन किती रेडियनने पुढे जातो त्याचं माप. k मोठा असेल तर लाटा दाटीने येतात, लहान असेल तर लांब-लांब.

आता जागा थांबवू. x = 0 या ठिकाणी नांगर टाकून ठेवलेला, लाटा मोजणारा एक बोया आहे असं समजा. असे बोये आपल्या किनाऱ्यावर खरोखर आहेत आणि त्यांच्या नोंदी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेकडे जातात. त्या बोयाला पुढची-मागची लाट दिसत नाही. त्याला फक्त आपलं वर-खाली होणं कळतं. त्याच्यासाठी कंसात −0.626t एवढंच आहे. हा कोन 2π ने बदलायला लागणारा वेळ म्हणजे ६.२८३ भागिले ०.६२६, म्हणजे दहा सेकंदांहून किंचित जास्त. हा दोलनकाल. दर दहा सेकंदांनी एक माथा बोयाखालून जातो, मिनिटाला साधारण सहा. t शेजारचा हा आकडा पुस्तकात ω या अक्षराने लिहितात. त्याचं चिन्ह उणे आहे याने दोलनकालाला काहीच फरक पडत नाही. बोयाला लाट कुठल्या बाजूने आली हे कळतच नाही, कारण तो एका जागी आहे.

दिशा कळायला काळ आणि जागा दोन्ही सुटे सोडावे लागतात. म्हणून आता पाठलाग.

माथा म्हणजे साइनची किंमत 1 असलेली जागा. ती मिळते कोन π/2, म्हणजे १.५७१ असताना. t = 0 या क्षणी हा माथा कुठे आहे? 0.04x ची किंमत १.५७१ हवी, म्हणजे x ३९.३ मीटर. एक सेकंद जाऊ द्या. आता कंसात 0.04x − 0.626 आहे. आपला माथा तोच ओळखायचा असेल तर या पूर्ण कंसाची किंमत पुन्हा १.५७१ च असायला हवी. काळाने कोनातून ०.६२६ काढून घेतले आहेत. ते भरून काढायला x ला वाढावंच लागेल. 0.04x आता २.१९७ पाहिजे, म्हणजे x ५४.९ मीटर. एका सेकंदात माथा ३९.३ वरून ५४.९ वर गेला. पूर्वेकडे, किनाऱ्याकडे, जवळजवळ साडेपंधरा मीटर. दशांशाच्या पुढची स्थळं धरली तर १५.६५ मीटर, आणि ०.६२६ ला ०.०४ ने भागलं तर नेमकं हेच उत्तर येतं. वेग म्हणजे ω भागिले k, हे सूत्र इथून येतं. दर सेकंदाला जेवढा कोन कमी होतो तो भरून काढायला किती मीटर सरकावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. ताशी हा वेग सुमारे ५६ किलोमीटर होतो.

दिशेचं कोडंही याच हिशेबात सुटलं. कंसात उणे चिन्ह असूनही लाट धन दिशेला जाते, हे विद्यार्थ्यांना हमखास उलटं वाटतं. उणे दिसलं की मागे, अशी मनाची सवय असते. पण ते उणे चिन्ह लाटेला मागे ढकलत नाही. ते कोनातून काहीतरी वजा करतं, आणि ती वजाबाकी फेडायला माथ्याला पुढे जावं लागतं. कंसात अधिक चिन्ह असतं, 0.04x + 0.626t, तर काळ कोनात भर घालत राहिला असता आणि कोन तोच ठेवायला x ला कमी व्हावं लागलं असतं. एका सेकंदानंतर माथा ३९.३ वरून २३.६ मीटरवर, म्हणजे पश्चिमेकडे सरकलेला दिसला असता. माझ्या मते हा नियम पाठ करायला सांगणं म्हणजे विद्यार्थ्याचं नुकसान करणं आहे. पाठ केलेला नियम समीकरण थोडं वेगळ्या वेषात आलं की दगा देतो.

आणि ते वेगळ्या वेषात येतंच. कुणी sin(0.626t − 0.04x) लिहितं. इथे उणे चिन्ह x च्या मागे आहे. पाठलाग करून पाहा: t वाढला की कोन वाढतो, तो स्थिर ठेवायला 0.04x ला वाढावं लागतं, म्हणून ही लाटही पूर्वेकडेच चालली आहे. फरक एवढाच की पहिलीचा माथा जिथे आहे तिथे हिचा खळगा आहे. कुणी sin 2π(x/157 − t/10) असं लिहितं, त्यात तरंगलांबी आणि दोलनकाल उघडेच मांडलेले असतात. कुणी साइनऐवजी कोसाइन घेतं. त्याने लाटेची सुरुवातीची जागा बदलते, चारही उत्तरं तीच राहतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७४७ मध्ये ताणलेल्या तारेच्या कंपनांचा अभ्यास करताना ती दाखवली: x आणि t जर x − vt अशा जोडीने बांधलेले असतील तर कोणताही आकार, साइन असो वा नसो, न बदलता v वेगाने धन दिशेला सरकतो, आणि x + vt असेल तर ऋण दिशेला. x आणि t यांच्या पदांची चिन्हं विरुद्ध असली तर धन दिशा, सारखी असली तर ऋण दिशा, हा नियम त्याचाच.

मात्र धन दिशा म्हणजे ‘उजवीकडे’ किंवा ‘किनाऱ्याकडे’ असं समीकरण कधीच सांगत नाही. ते अक्ष कुणी कसा मांडला यावर ठरतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे अंतर मोजायला सुरुवात केली, तर पश्चिम ही धन दिशा होईल. मग किनाऱ्याकडे येणाऱ्या त्याच लाटेच्या समीकरणात अधिक चिन्ह येईल. लाट तीच आहे, पाणी तेच आहे, बदलली ती मोजणाऱ्याची बाजू. म्हणून दिशा वाचण्याआधी x कुठून कुठे मोजला आहे हे पाहायला हवं. हे न सांगता ‘लाट कुठे जाते’ विचारणारा प्रश्न अर्धवट असतो.

कधी समीकरण sin(0.04x) cos(0.626t) असंही दिसतं. त्यात x आणि t एका कंसात नाहीत, दोन वेगळ्या कंसांत आहेत. इथे पाठलाग करायला माथाच मिळत नाही. काही जागी पाणी जोराने वर-खाली होतं, काही जागी अजिबात हलत नाही, आणि त्या जागा सरकत नाहीत. बंदराच्या उभ्या भिंतीवर सरळ आदळून लाट परत फिरते तेव्हा येणारी आणि परतणारी अशा दोन लाटा मिळून असं चित्र तयार होतं. याला दिशा विचारू नये.

आपण काढलेली उत्तरं बरोबर आहेत का, हे तपासायला समुद्र स्वतः एक साधन देतो. खोल पाण्यावरच्या लाटेत k आणि ω हे दोन आकडे मनाला येतील तसे घेता येत नाहीत. पाण्याला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण त्यांना ω² = gk या नात्याने बांधून ठेवतं. आपलं समीकरण घ्या. ०.६२६ चा वर्ग ०.३९२. आणि ९.८१ गुणिले ०.०४, तेही ०.३९२. जुळलं. आता समजा कुणी x हा सेंटिमीटरमध्ये आहे असं धरलं आणि तरंगलांबी १५७ सेंटिमीटर सांगितली. दीड मीटर लांबीच्या लाटेसाठी k चार आहे, आणि नात्याप्रमाणे तिचा दोलनकाल सुमारे एक सेकंद असायला हवा. दहा सेकंदांचा दोलनकाल तिला शक्यच नाही. एकक चुकलं हे तिथेच पकडलं जातं.

दुसरी नेहमीची चूक कॅल्क्युलेटरची. कंसातला कोन रेडियनमध्ये असतो आणि यंत्र अंशांवर ठेवलेलं असतं. x = 39.3 घालून y काढला तर १.२ मीटर यायला हवा, कारण तिथे माथा आहे. यंत्र अंशांवर असेल तर ०.०३३ मीटर, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर येईल. ज्या जागी उत्तर आधीच ठाऊक आहे अशी एक जागा घालून पाहणं, हा यावरचा खात्रीचा उपाय.

आता एक प्रश्न. ताशी ५६ किलोमीटर वेगाने जे धावतं आहे, ते नेमकं काय आहे? पाणी नक्कीच नाही. त्या वेगाने पाणी आलं असतं तर एकही होडी तरली नसती. समीकरणात x हा पाण्याच्या कणाचा प्रवास नाही, ती आपण पाहण्यासाठी निवडलेली जागा आहे. त्या जागचं पाणी फक्त y ने वर-खाली होतं. त्याचा जास्तीत जास्त उभा वेग मिळतो आयाम आणि ω यांच्या गुणाकारातून: १.२ गुणिले ०.६२६, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर. सावकाश चालणाऱ्या माणसाएवढा. खोल समुद्रात पृष्ठभागावरचा कण प्रत्यक्षात जवळजवळ गोल फिरतो. माथ्याखाली पुढे, खळग्याखाली मागे, आणि दहा सेकंदांत बहुतेक मूळ जागी परत. खाली जाल तसं हे वर्तुळ झपाट्याने लहान होतं. अर्ध्या तरंगलांबीएवढ्या खोलीवर, म्हणजे इथे ७८ मीटरवर, त्याची त्रिज्या १.२ मीटरवरून पाच सेंटिमीटरवर येते. लाटेचा वेग आणि पाण्याचा वेग यांची गल्लत परीक्षेत सर्रास होते. दोन्ही सेकंदाला मीटर या एककात असतात, म्हणून नुसत्या एककाकडे पाहून ती कळत नाही.

हीच ७८ मीटरची खोली या समीकरणाची हद्दही ठरवते. समुद्र त्याहून उथळ होऊ लागला की लाटेला तळ जाणवू लागतो. दोलनकाल मात्र तोच राहतो. मिनिटाला सहा माथे आत येत असतील तर किनाऱ्यापाशीही सहाच पोचायला हवेत, नाहीतर मध्ये माथे साठत गेले असते. ω कायम राहतो आणि k वाढतो. पाण्याची खोली पाच मीटर उरते तिथे आपल्या लाटेची लांबी १५७ वरून ६८ मीटरच्या आसपास येते आणि वेग सेकंदाला ६.८ मीटर होतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. माथे जवळ येतात, उंच होतात, टोकदार होतात आणि शेवटी फुटतात. तिथे k म्हणून एकच आकडा धरणारं समीकरण चालत नाही, आणि फुटणाऱ्या लाटेला साइनचा आकारही उरत नाही.

दुसरी मर्यादा खोल समुद्रातही आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आपलं समीकरण अनादि-अनंत पसरलेल्या एकाच लाटेचं आहे. वादळातून निघालेल्या लाटा ठरावीक लांबीच्या झुंडीने येतात, आणि झुंड माथ्याच्या वेगाने जात नाही. खोल पाण्यात ती बरोबर अर्ध्या वेगाने जाते. लांबून नीट पाहिलं तर दिसतं की झुंडीच्या मागच्या टोकाला नवा माथा उठतो, सगळ्या झुंडीतून पुढे पळतो आणि पुढच्या टोकाला विरून जातो. लाटेची ऊर्जा झुंडीबरोबर येते. ω भागिले k करून काढलेला वेग माथ्याचा असतो, ऊर्जेचा नसतो.

याचा फरक दिवसांत मोजता येतो. हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ४० अक्षांशाच्या आसपास उठलेल्या वादळांच्या लांब लाटा केरळच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात आणि स्थानिक वारा शांत असतानाही वस्तीत पाणी शिरतं. तिथले मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. अशा लाटेचा दोलनकाल १८ सेकंद धरला तर ω भागिले k वरून माथ्याचा वेग ताशी साधारण १०१ किलोमीटर निघतो, आणि त्याप्रमाणे लाटा सव्वादोन दिवसांत यायला हव्यात. पण झुंड येते ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे साडेचार दिवसांनी. १९६३ मध्ये अमेरिकी सागरशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा न्यूझीलंडपासून सामोआ आणि हवाई मार्गे थेट अलास्कापर्यंत माग काढला. त्यांनाही ऊर्जा या अर्ध्या वेगानेच येताना आढळली. लांब दोलनकालाच्या लाटा आधी पोचत आणि मागाहून दिवसेंदिवस आखूड दोलनकालाच्या. दोलनकाल किती झपाट्याने उतरतो यावरून वादळ किती दूर होतं हे त्यांना काढता आलं.

तेव्हा समीकरणावरून वेग सांगताना तो माथ्याचा आहे हे शब्दांत लिहा. भरसमुद्रातून येणाऱ्या लाटांची वेळ कुणाला सांगायची असेल, तर त्या वेगाला आधी दोनने भागा.